डीजेच्या लाइटमधले केस रंगवताना लाइटचा रंग कसा टिकवायचा?

प्रश्न: दादा, नवरीनं संगीतच्या दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये केस बर्गंडी करून घेतले. आता घरच्यांना अल्बमच्या कव्हरला संगीतचाच फोटो हवाय, पण केस लग्नातल्यासारखे बर्गंडी. फोटोत एका बाजूनं जांभळा लाइट आहे, दुसऱ्या बाजूनं निळा. `Hue/Saturation` मध्ये `Colorize` केलं की केस वरून चिकटवल्यासारखे दिसतात. `Color` मोडमध्ये ब्रश मारला तरी तेच. लाइटचा रंग न जाता केसांचा रंग कसा बदलायचा?

उत्तर:

असंच एक काम दोन वर्षांपूर्वी चोपड्याच्या एका लग्नाचं माझ्याकडे आलं होतं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात जळगावचं ऊन ४४ अंशांच्या पुढे जातं. त्यामुळे संगीत, हळद सगळं रात्री लॉनवर, डीजेच्या लाइटमध्येच होतं. त्या फोटोवर माझा पहिला प्रयत्न तुमच्यासारखाच होता. नवरीच्या आईनं स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, डोकावर टोप घालेल शे असं दिखस." तिला फोटोशॉपमधलं काही कळत नव्हतं, पण नेमकं काय चुकलंय ते तिनं एका वाक्यात सांगितलं. ते काम मी नंतर ज्या पद्धतीनं केलं तीच इथे आकड्यांसकट लिहितो.

आधी बिघडतं कुठे ते बघू. फोटोत केसांचा जो रंग दिसतो तो दोन गोष्टींचा गुणाकार असतो: केसावर पडणारा लाइट, आणि त्यातला किती भाग केस परत फेकतात तो. लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनलमध्ये हा गुणाकार वेगवेगळा होतो. नवरीनं केस रंगवले तेव्हा बदललं ते फक्त केसांचं परत फेकणं. लाइट होता तोच राहिला. `Colorize` मात्र दोघांनाही पुसून टाकतं आणि सगळीकडे एकच हू भरतं. मग निळ्या लाइटच्या बाजूलाही केस लालसर होतात. निळ्या लाइटमध्ये लाल जवळजवळ नसतोच, तर केस तो परत फेकणार कुठून? बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला ते पटत नाही. `Color` मोडच्या ब्रशचीही हीच गोष्ट, तोही हू आणि सॅच्युरेशन तुमचंच लावतो.

म्हणून रंग भरायचा नाही. प्रत्येक चॅनलला एका ठरावीक आकड्यानं गुणायचं. जुन्या केसांपेक्षा नवे केस लाल कितीपट परत फेकतात, हिरवा कितीपट, निळा कितीपट, एवढे तीन आकडे हातात आले की काम झालं. जिथे लाइटमध्ये लाल भरपूर आहे तिथे केस आपोआप बर्गंडी होतील, जिथे नाही तिथे होणार नाहीत.

हे तीन आकडे अंदाजानं काढू नका, मोजून काढा. त्यासाठी दोन साधे फोटो लागतात: संगीतच्या आधीचा जुन्या केसांचा आणि लग्नाच्या दिवशीचा नव्या केसांचा. दोन्ही साध्या उजेडातले, म्हणजे मांडवाच्या सावलीतले किंवा खिडकीजवळचे. आणि दोन्हींत केसांत मोगऱ्याचा गजरा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पांढरं फूल आपल्याला मोजपट्टीसारखं वापरता येतं. दोन्ही फोटो रॉमधून उघडा, व्हाइट बॅलन्स गजऱ्यावर क्लिक करून लावा आणि एक्स्पोजर असं ठेवा की उजेडातल्या पाकळीचा आकडा दोन्हींत २४० च्या आसपास येईल. असं केलं नाही तर उजेडाचा फरक केसांच्या फरकात मिसळतो आणि तिन्ही आकडे फसवे निघतात. आयड्रॉपरचं `Sample Size` हे `11 by 11 Average` वर ठेवा, एका पिक्सेलवर भरवसा नको. मोजायची जागा म्हणजे चकाकणारी बट नाही आणि काळोखी खोलही नाही. दोन्हींच्या मधला, साधा उजेड पडलेला भाग घ्या.

चोपड्याच्या कामात `Info` पॅनलमध्ये जुने केस ७८, ६२, ५४ आले आणि बर्गंडी केस १२०, ५७, ५१. आता सरळ भागाकार: १२० भागिले ७८ म्हणजे १.५४, ५७ भागिले ६२ म्हणजे ०.९२, ५१ भागिले ५४ म्हणजे ०.९४. बर्गंडी रंगानं लाल दीडपट झाला, हिरवा-निळा थोडासाच उतरला. खरं तर हा गुणाकार उजेडाच्या मूळ मोजमापात व्हायला हवा आणि स्क्रीनवरचे आकडे गॅमानं वाकवलेले असतात. पण गॅमा हा जवळपास घातांकच असल्यामुळे गुणाकार तिकडेही गुणाकारच राहतो. स्क्रीनवरच्या आकड्यांचा भागाकार स्क्रीनवरच्या आकड्यांना लावला तर चालतं. अगदी काळ्या भागात थोडा फरक पडतो, तेवढा डोळ्याला दिसत नाही.

आता संगीतच्या फोटोवर केसांचा मास्क करा आणि त्यावर `Channel Mixer` ची अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका, मोड `Normal`. `Output Channel` मध्ये `Red` निवडून त्यातला `Red` १५४ करा. मग `Green` निवडून त्यातला `Green` ९२, आणि `Blue` निवडून त्यातला `Blue` ९४. बाकीचे स्लायडर शून्यावरच राहू द्या. एका चॅनलमधून दुसऱ्यात काही ओतायचं नाही, कारण तसं केलं की निळ्या लाइटमधून खोटा लाल तयार होतो आणि आपण परत `Colorize` पाशीच येतो. खाली `Total` १०० च्या वर गेलं म्हणून फोटोशॉप इशारा दाखवेल, त्याकडे लक्ष देऊ नका.

त्या फोटोत काय झालं ते आकड्यांत बघा. जांभळ्या लाइटच्या बाजूला केस ६५, २१, ५३ होते, ते १००, १९, ५० झाले. म्हणजे जांभळ्यात भिजलेली चांगली दाट बर्गंडी. निळ्या बाजूला १३, २२, ५४ होते, ते २०, २०, ५१ झाले. म्हणजे निळे होते ते निळेच राहिले, फक्त किंचित जांभळट झाक आली. पहिल्यांदा बघितलं तर वाटतं की या बाजूला लेयर लागलीच नाही. पण असंच दिसायला हवं. त्या रात्री नवरीचे केस खरोखर बर्गंडी असते तरी कॅमेऱ्यात निळ्या बाजूला एवढंच आलं असतं.

हे बरोबर आलं की नाही ते गजराच सांगतो. पांढऱ्या फुलावर जो रंग दिसतो तो जवळपास लाइटचाच रंग. जांभळ्या बाजूला गजरा २००, ८०, २३५ होता आणि निळ्या बाजूला ४०, ८५, २४०. नव्या केसांचे आकडे त्याच बाजूच्या गजऱ्याच्या आकड्यांनी भागा. जांभळ्या बाजूला येतं ०.५०, ०.२४, ०.२१. निळ्या बाजूलाही ०.५०, ०.२४, ०.२१. साध्या उजेडातले बर्गंडी केस २४० नं भागले तरी तेच. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर म्हणजे तिन्ही ठिकाणी एकच केस. तुमच्याकडे इतकं काटेकोर जुळणार नाही, कारण गजऱ्याची पाकळी आणि केसांची बट लाइटकडे सारखं तोंड करून नसतात. पण तिन्ही आकड्यांचं एकमेकांशी प्रमाण जुळायला हवं. तुमच्या `Colorize` वाल्या फाइलवरही हाच हिशेब करून बघा. माझ्या पहिल्या प्रयत्नात निळ्या बाजूला केसांचा लाल ६० आला होता आणि गजऱ्याचा लाल होता ४०. शुभ्र मोगऱ्यापेक्षा केसच जास्त लाल परत फेकतायत, असं कधी होत नाही. नवरीच्या आईला दिसलेला टोप तो हाच.

गजरा नसेल तर दात किंवा पांढरी कॉलर चालते, पण कपड्याच्या बाबतीत एक काळजी घ्या. डिटर्जंटमधल्या चमक आणणाऱ्या रसायनामुळे पांढरा कपडा अतिनील लाइटखाली स्वतःच निळसर चमकतो. डीजेवाल्यानं काळा-जांभळा म्हणजे यूव्ही पार लावला असेल तर कपड्याचा आकडा लाइटचा नसतो. तिथे दातही तसेच फसवतात, म्हणून मी फूलच शोधतो.

आता चमक. नुसता `Channel Mixer` लावून थांबलात तर जांभळ्या बाजूच्या चकाकणाऱ्या बटा गुलाबी-लाल होतील आणि केस प्लास्टिकच्या विगसारखे दिसतील. केसांवर मुळात दोन चमका असतात. पहिली केसाच्या वरच्या खवल्यांवरून थेट परत येते. ती केसाच्या आत जातच नाही, म्हणून तिला केसाचा रंग लागत नाही, तिचा रंग लाइटचाच असतो. दुसरी केसाच्या आत जाऊन मागच्या भिंतीवरून फिरून येते. ती पहिलीच्या शेजारी, केसांच्या मुळाच्या बाजूला, जरा पसरट आणि केसाच्या रंगात रंगलेली असते. पार्लरमध्ये केस रंगवले तर पहिली चमक तशीच राहते, दुसरी बदलते. आपल्यालाही तेच करायचंय.

त्यासाठी लेयरवर डबल क्लिक करून `Blend If` मध्ये जा. इथे बहुतेक जण `Gray` वर काम करतात आणि डीजेच्या लाइटमध्ये तेच फसतं. फोटोशॉपच्या ग्रेमध्ये निळ्याचं वजन फार कमी असतं, त्यामुळे निळ्या लाइटची झगझगीत चमकसुद्धा `Gray` ला अंधारीच वाटते आणि तिला संरक्षण मिळत नाही. दोन्ही लाइटमध्ये जो चॅनल जोरात आहे तो निवडा. आमच्याकडे तो निळा होता, म्हणून `Blend If: Blue`. मग `Underlying Layer` चा पांढरा त्रिकोण `Alt` दाबून फोडायचा. साधे केस निळ्यात ५४ च्या आसपास होते आणि पहिली चमक १८० च्या वर, म्हणून मी त्रिकोणाचे दोन भाग ११० आणि १७० वर ठेवले. ११० पेक्षा फार खाली आणू नका. नाहीतर दुसरी, रंगणारी चमकही वाचते आणि बर्गंडी केसांमध्ये जुन्या काळसर केसांची चमक दिसत राहते. २०० टक्के झूम करून एकच बट बघा: मध्ये लाइटच्या रंगाची बारीक रेघ आणि तिच्या वरच्या, मुळाकडच्या अंगाला लालसर पट्टा दिसला तर जमलं.

डोक्याभोवतीचे सुटे, उडणारे केस वेगळे हाताळावे लागतात, विशेषतः मागे एलईडी वॉल असेल तर. `Select and Mask` चं `Refine Hair` ते बऱ्यापैकी पकडतं, पण एका केसाच्या जाडीत अर्धा पिक्सेल केस आणि अर्धा मागचा लाइट असतो. त्याला दीडपट लाल लावला की मागचा लाइटही लाल होतो आणि डोक्याभोवती लालसर कडा तयार होते. मागे अंधार असेल तर हे दिसतच नाही, तिथे वेळ घालवू नका. मागे वॉल असेल तर मऊ काळा ब्रश ५० टक्के ठेवून मास्कची कड एकदा फिरवून घ्या.

धुराचं मात्र नीट समजून घ्या, कारण आजकाल प्रत्येक संगीतला धुराचं मशीन असतंच. धूर लाइट पकडतो आणि केसांच्या पुढे एक पातळ पडदा तयार करतो. तो उजेड केसांवरून आलेला नसतो, त्याला केसांच्या आकड्यानं गुणणं चूकच. गुणलंत तर केसांच्या खोल सावल्या लालसर, धुरकट होतात आणि सगळं डोकं फिकं दिसतं. धूर आहे की नाही ते ओळखायला केसांतली सगळ्यात काळी जागा मोजा, मानेमागची किंवा अंबाड्याच्या आतली. तिथे लाल ४-५ असेल तर धूर नाही. त्याच लग्नातल्या दुसऱ्या एका फ्रेममध्ये तिथे लाल ३० आला होता.

त्याचा उपाय `Channel Mixer` मध्येच आहे, खालचा `Constant` स्लायडर. हिशेब असा: लाल १.५४ नं गुणताना धुराचे ३० सुद्धा ४६ होतात, म्हणजे १६ जास्तीचे आले. ते काढून टाकायचे. १६ भागिले २५५ म्हणजे साधारण ६ टक्के, म्हणून `Red` आउटपुटमध्ये `Constant` उणे ६. आता काळी जागा परत ३० वर येते आणि केस मात्र बर्गंडी होतात. हिरवा-निळा १ च्या जवळच आहेत, तिथे काही करायची गरज पडत नाही. धूर एकाच बाजूला दाट असेल तर दोन लेयर करा, एक `Constant` सह आणि एक त्याशिवाय, आणि मध्ये ग्रेडियंट मास्क द्या. उणे आकडा गरजेपेक्षा जास्त झाला की सावलीतला लाल शून्यावर जातो आणि तिथे हिरवट-निळे डाग दिसतात, त्यावरून कळतं.

निळ्या बाजूला अजून एक त्रास होतो, तो म्हणजे नॉइज. तिथे लालचा आकडा मुळात १३, त्यात आयएसओ ६४०० ची खरखर, आणि वर आपण तिला दीडपट करतो. `Channels` पॅनलमध्ये फक्त `Red` उघडून बघा. तिथे वाळूसारखे ठिपके दिसत असतील तर आधी रॉमध्ये डीनॉइज करा आणि मग पुढचं काम. रॉ उघडताना १६ बिट आणि `Adobe RGB` किंवा `ProPhoto RGB` ठेवा. सरळ `sRGB` मध्ये उघडलं तर गडद निळ्या लाइटमध्ये लाल पुष्कळ वेळा चक्क शून्य होतो, आणि शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच. एक अट मात्र पाळा: मोजणीचे दोन साधे फोटोही त्याच कलर स्पेसमध्ये उघडलेले हवेत. मी वर दिलेले आकडे तुमच्या फाइलला लावू नका, ते त्या केसांचे आणि त्या फाइलचे आहेत. फक्त मोबाइलचा जेपीजी असेल तर जांभळी बाजू जमेल, निळ्या बाजूकडून फार अपेक्षा ठेवू नका.

ही पद्धत कुठे थांबते तेही सांगतो. काळ्याचे बर्गंडी, चेस्टनट, गडद तपकिरी इथपर्यंत छान होतं. काळ्याचे सोनेरी करायचे असतील तर तिन्ही चॅनलमध्ये तिप्पट-चौपट वाढ लागते. `Channel Mixer` २०० च्या पुढे जात नाही, आणि दोन लेयर एकावर एक टाकल्या तरी सावलीतली खरखर सगळी वर येते. असं काम मी घेत नाही, गिऱ्हाइकाला दुसरी फ्रेम निवडायला सांगतो. दुसरी मर्यादा लाइटचीच. संपूर्ण डोकं एकाच निळ्या लाइटमध्ये असेल तर बर्गंडी आणि काळे केस जवळजवळ सारखेच दिसतात, ५४ चे ५१ होतात आणि संपलं.

घरचे म्हणतील, "निळ्या बाजूलाही थोडं लाल दिसू द्या ना." चोपड्याच्या आईनंही तसंच म्हटलं होतं. तेव्हा त्याच मास्कवर `Color` मोडची एक लेयर १५ टक्के ओपॅसिटीनं ठेवली, पण सगळ्या निळ्या भागावर नाही. कपाळाजवळच्या बटांवर समोरच्या हॅलोजनचा थोडा पांढरा उजेड पडला होता, फक्त तिथेच. तिथे लाल दिसायला काहीतरी कारण आहे. कानामागच्या, निव्वळ निळ्या भागावर ते केलं असतं तर टोप परत आला असता. आईला फरक दिसला, तिचं समाधान झालं, आणि कव्हर त्याच फ्रेमचं छापलं.

तुमच्या नवरीचा रंगवण्याआधीचा साध्या उजेडातला फोटो नसेल तर साखरपुड्याच्या किंवा मेंदीच्या दुपारच्या फ्रेम चाळा, बहुतेक एखादी सापडते. मी आता संगीतच्या संध्याकाळी लाइट लागायच्या आधी, दारातल्या सावलीत, गजरा दिसेल अशी पाठमोरी एक फ्रेम घेऊनच ठेवतो. अर्धा मिनिट लागतं.